फोटोतल्या उडत्या पक्ष्याचा पंखविस्तार: खांब, टेप आणि अंतराचा घोळ

फोटोत विजेचा खांब आहे, त्याच्या शेजारून एक मोठा तपकिरी पक्षी चाललाय. खांब नऊ मीटरचा धरला, पक्षी त्याच्या चौथ्या हिश्शाइतका रुंद दिसतो, म्हणजे पंख सव्वादोन मीटर, म्हणजे गरुडच! असा हिशेब पक्षीमित्रांच्या गप्पांत सारखा ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो चुकलेला असतो. भागाकार बरोबर असतो. पण पक्षी खांबाच्या पुढे तीस मीटर होता की मागे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

खाली सगळी पद्धत एका उदाहरणावरून सांगितली आहे. कोकणातल्या एका खाडीचा जुना धक्का, त्यावर सिमेंटचा खांब आणि त्या खांबावरून उडालेला एक तपकिरी शिकारी पक्षी. प्रश्न साधा आहे: ही आपली रोजची घार की समुद्रगरुडाचं पिल्लू? प्रौढ समुद्रगरुड पांढरा आणि राखाडी असतो, त्याला कुणी घार म्हणणार नाही. पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि पाठमोरं, उन्हाविरुद्ध दिसलं की भले भले गोंधळतात. घारीचा पंखविस्तार साधारण दीड मीटरच्या आत असतो, समुद्रगरुडाचा पावणेदोन मीटरच्या पुढे. फरक एवढा मोठा असल्यामुळे मोजमापाला इथे अर्थ आहे. जिथे दोन जातींत पाच-सात सेंटिमीटरचाच फरक असतो, तिथे या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका.

आधी एक नियम

फोटोतल्या दोन वस्तूंच्या आकाराची तुलना तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. पक्षी वस्तूपेक्षा दहा टक्के जवळ असेल तर तो साधारण तेवढाच मोठा निघतो, दहा टक्के लांब असेल तर तेवढाच लहान. पूर्ण सूत्र असं:

```
पंखविस्तार = वस्तूची खरी लांबी × (पक्ष्याचे पिक्सेल ÷ वस्तूचे पिक्सेल) × (पक्ष्याचं अंतर ÷ वस्तूचं अंतर)
```

लोक शेवटचा कंस सोडून देतात. खरी मेहनत त्याच कंसात आहे, पिक्सेल मोजायला दोन मिनिटं पुरतात.

## १. आधाराची वस्तू निवडा

पक्षी जिच्यावर बसला होता किंवा उतरला, ती वस्तू सर्वांत चांगली. तिथून उडाल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात तो किती लांब गेला असेल याला मर्यादा असते. शेजारून नुसता उडत गेलेला पक्षी कितीही चिकटून दिसला तरी त्याच्या अंतराबद्दल फोटो काहीच सांगत नाही. मोठी लेन्स पुढचं-मागचं सगळं एकावर एक आणून ठेवते.

वस्तू फार लहान नको. तीस सेंटिमीटरच्या खुंटावरून दोन मीटरचा पक्षी मोजायचा म्हणजे खुंटावरची चूक सहा-सात पट होऊन पक्ष्यावर येणार. पक्ष्याच्या निम्म्यापेक्षा मोठी वस्तू असावी. आपल्या उदाहरणातला खांब धक्क्याच्या कठड्यापासून वर दीडेक मीटर आहे, तो चालेल.

सावध: खाडीत पाण्याची रेषा हा खांबाचा तळ धरू नका. फोटो काढला तेव्हा भरती होती आणि टेप घेऊन गेलात तेव्हा ओहोटी, तर खांब मीटरभर लांब झालेला असेल. दोन्ही टोकं पक्की हवीत: खांबाचा माथा आणि कठड्याची वरची कड, किंवा माथा आणि होडी बांधायची लोखंडी कडी.

## २. वस्तू जागेवर जाऊन मोजा

"खांब साधारण अमुक फुटांचा असतो" हे माप नव्हे. जमिनीत किती गाडलाय, कठडा नंतर किती वाढवलाय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. टेप घेऊन जा आणि फोटोत दिसतात तीच दोन टोकं मोजा. फोटो मोबाइलवर उघडून खांबाशेजारी धरा, म्हणजे आपण मोजतोय ती कड आणि फोटोतली कड एकच आहे की नाही ते लगेच कळतं. धक्क्याच्या खांबांवर कालवांचा थर असतो, माथ्यावर विष्ठेचा. फोटोत तो थर धरून माथा दिसत असेल तर टेपही थर धरूनच लावा. आपल्या उदाहरणात माथ्यापासून कठड्यापर्यंत १.४२ मीटर भरलं.

वस्तूपर्यंत हात पोचत नसेल तर एक उपाय आहे. सहकाऱ्याला एक मीटरवर ठळक पट्टी बांधलेला बांबू देऊन वस्तूच्या अगदी लगत उभं करा आणि मूळ फोटो काढलेल्या जागेवरूनच त्याचा फोटो घ्या. बांबूच्या मापावरून वस्तूचं माप निघतं, मग वस्तूवरून पक्ष्याचं.

सावध: विजेच्या खांबाजवळ धातूची टेप, ॲल्युमिनियमची काठी किंवा ओला बांबू वर करायचा नाही. तिथे लांबूनच फोटो, नाहीतर तो खांब सोडून द्या.

त्याच फेरीत फोटो काढला ती जागा आणि खांब यांच्यातलं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून लिहून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे. इथे ते ११८ मीटर आलं.

आणखी एक बघायचं: कॅमेरा मान वर करून धरला होता का? खांबाखाली उभं राहून ४० अंश वर रोखलेल्या कॅमेऱ्याला उभा खांब आखूड दिसतो, जवळजवळ चौथ्या हिश्शाने. आडव्या पंखांना तो आखूडपणा लागत नाही, त्यामुळे पक्षी तीस टक्के मोठा निघतो. दहा अंशांपर्यंत हा फरक दीड टक्क्यात राहतो, तो सोडून देता येतो. आपला फोटो समोरच्या काठावरून, जवळपास खांबाच्याच उंचीवरून काढलेला आहे.

## ३. फ्रेम निवडा

सलग काढलेल्या फ्रेम पुसून टाकू नका. "सर्वांत सुंदर" फ्रेम मापाला बहुधा निरुपयोगी असते, कारण पक्षी वळलेला, पंख मुडपलेला, पाय लोंबलेले अशीच ती असते. मापाला हवी असलेली फ्रेम कंटाळवाणी दिसते: पक्षी पाठमोरा किंवा सरळ समोर, दोन्ही पंख पूर्ण उघडलेले, टोकं स्वच्छ.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. पंख मुडपला, पक्षी कलला किंवा वळला, तर दिसणारी लांबी नेहमी कमीच होते. वीस अंशांच्या तिरकसपणाने सहा टक्के जातात, तीस अंशांनी तेरा. जास्त कधीच होत नाही. त्यामुळे एकाच झेपेच्या चार-पाच फ्रेममध्ये सर्वांत जास्त भरलेली लांबी खऱ्याच्या सर्वांत जवळ असते. सरासरी काढणं इथे चूक आहे.

डावा आणि उजवा पंख फोटोत सारखे दिसले म्हणजे पक्षी सरळ आहे असंही समजू नका. लांबून घेतलेल्या फोटोत सपाट पंख कलले तरी दोन्ही बाजू सारख्याच आखूड होतात. दोन बाजू वेगळ्या दिसल्या तर पक्षी नक्की तिरका. सारख्या दिसल्या तर इतर फ्रेमशी ताडून बघणं एवढंच हातात असतं.

तपासणी: टोकाची पिसं थरथरल्यासारखी, दुहेरी दिसतायत का? तशी असतील तर ती फ्रेम बाद करा. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या फोटोत वेगाने हलणारा पंख वाकडाही होतो. अशा कामाला यांत्रिक शटर आणि १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान गती बरी.

आपल्या उदाहरणात सेकंदाला दहा फ्रेमची मालिका आहे. पायांनी खांब सोडला ती पहिली. पाचव्या-सहाव्या फ्रेमला पक्षी पाठमोरा आहे, पंख वर उचलून पूर्ण उघडलेले, खाली मारायच्या बेतात. सहावी घेतली.

## ४. पिक्सेल मोजा

मूळ फाइल घ्या. मेसेजमधून आलेला फोटो लहान केलेला असतो. पक्षी आणि खांब एकाच फोटोत असल्यामुळे त्यांचं गुणोत्तर तिथेही बिघडत नाही, पण कडा पुसट होतात आणि लेन्सची, वेळेची माहिती निघून जाते. काटछाट केलेला फोटो चालतो, एका बाजूने ताणलेला चालत नाही.

`ImageJ` हा मोफत प्रोग्रॅम या कामाला सर्वांत सोपा आहे. सरळ रेषेचं साधन घ्या, खांबाच्या माथ्यापासून कठड्यापर्यंत रेष ओढा, मग `Analyze > Set Scale...` उघडा. `Known distance` मध्ये 1420 आणि `Unit of length` मध्ये mm लिहा. यापुढे ओढलेल्या प्रत्येक रेषेवर `Ctrl+M` दाबलं की लांबी थेट मिलिमीटरमध्ये येते. `GIMP` मधलं मोजपट्टीचं साधनही चालेल, फक्त भागाकार हाताने करावा लागतो.

मोजताना फोटो दोनशे-तीनशे टक्के मोठा करा. खांबाची कड तीनदा मोजा. तिन्ही आकडे चार-पाच पिक्सेलच्या आत यायला हवेत.

पंखाची टोकं कुठे धरायची? सर्वांत लांब पिसाच्या टोकाला. मोठ्या शिकारी पक्ष्यांची टोकाची पिसं बोटांसारखी सुटी असतात आणि उजळ आकाशावर त्यांची शेवटची दोन-तीन सेंटिमीटर जवळजवळ विरून जातात. फोटोचा उजेड थोडा कमी करून बघितलं की ती दिसू लागतात. ज्या गडद भागावर डोळा आपोआप थांबतो, तो शेवट नसतो.

आता रेष. पुस्तकातला पंखविस्तार म्हणजे पंख सपाट पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सरळ अंतर. आपला पक्षी पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून आहे, त्यामुळे टोक ते टोक सरळ रेष कमी भरणार. पक्षी पाठमोरा किंवा समोरून असेल तर हा व्ही फोटोत उघड दिसतो. मग डावं टोक ते पाठीचा मध्य आणि मध्य ते उजवं टोक अशा दोन रेषा मोजून बेरीज घ्यायची. पक्षी खालून दिसत असेल तर व्ही फोटोत लपलेला असतो आणि ही युक्ती लागू पडत नाही. तिथे सरळ रेषच घ्या आणि माप किमान आहे असं समजा.

सावध: पंखाच्या वळणावरून दोरा फिरवल्यासारखी वाकडी रेष मोजू नका. त्याने माप फुगतं आणि पुस्तकातल्या कुठल्याच आकड्याशी जुळत नाही.

आपले आकडे: खांब १२०८ पिक्सेल. टोक ते टोक सरळ १५८६. दोन तुकड्यांत ८२२ आणि ८१८, मिळून १६४०.

## ५. पहिला हिशेब

१४२० मिलिमीटर भागिले १२०८, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे १.१७६ मिलिमीटर. १६४० पिक्सेलचे झाले १.९३ मीटर. सरळ रेषेने १.८६ आले असते.

इथे थांबून अंतर ताडून घ्या. कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद, फोटो ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे एक पिक्सेल ०.००३९ मिलिमीटर. लेन्स ४०० मिलिमीटर. मग:

```
खांबाचं अंतर = 1420 × 400 ÷ (1208 × 0.0039) = सुमारे 120000 मिमी = 120 मीटर
```

नकाशावर ११८ आले होते. जमलं. हा आकडा ९० किंवा १६० आला असता तर खांबाचं भलतंच टोक मोजलं गेलं, फोटो आधीच लहान केलेला होता, किंवा झूम वेगळ्याच आकड्यावर होता. चूक सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

## ६. पक्षी आणि खांब यांच्यातलं अंतर

आता तो टाळलेला कंस. सहावी फ्रेम म्हणजे खांब सोडल्यापासून अर्धा सेकंद. बसल्या जागेवरून उठलेला जड पक्षी तेवढ्यात दोन-अडीच मीटर जाईल, फार तर तीन धरू. पाठमोरा आहे, म्हणजे आपल्यापासून लांब चाललाय. खांब १२० मीटरवर, पक्षी १२० ते १२३ वर. माप शून्य ते अडीच टक्के वाढवायचं: १.९३ ते १.९८ मीटर.

हेच तीन मीटर पंधरा मीटरवरून काढलेल्या फोटोत वीस टक्के झाले असते. जवळचा फोटो चांगला, ही सवयीची समजूत इथे उलटी पडते. लांबून घेतलेल्या फोटोत पिक्सेल कमी मिळतात पण अंतराची चूक पातळ होते. पक्षी हजार पिक्सेल रुंद भरत असेल तर आणखी जवळ जाण्यात मापाच्या दृष्टीने काही फायदा नाही.

पक्षी पुढे आहे की मागे हे कळायला पाठमोरा-समोरा याखेरीज एक भक्कम पुरावा असतो: कोण कुणाला झाकतं. पंखाने खांब झाकला तर पंख पुढे, खांबाने पंख झाकला तर पंख मागे. मालिकेतल्या एखाद्या फ्रेममध्ये तरी ते सापडतं, म्हणून सगळ्या चाळा.

सावध: "दोघंही फोकसमध्ये आहेत, म्हणजे एकाच अंतरावर आहेत" हा युक्तिवाद टिकत नाही. याच कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटर, एफ ८ आणि फोकस १२० मीटरवर असताना साधारण १०७ पासून १३६ मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे एकोणतीस मीटरचा पट्टा. त्यात पक्षी कुठेही असू शकतो.

टेप आणि पिक्सेल मिळून दीडेक टक्का इकडेतिकडे धरला तर उत्तर येतं १.९ ते २ मीटर. मनगटात पंख किंचित दुमडलेला असेल तर खरं माप याच्या वर, खाली नाही.

## ७. प्रश्न उलटा करून बघा

मला सर्वांत खात्रीची वाटणारी तपासणी हीच, आणि ती फारसं कुणी करत नाही. समजा पक्षी घारच आहे, १.४५ मीटरची. मग तो फोटोत एवढा मोठा दिसायला किती जवळ असायला हवा?

```
120 × 1.45 ÷ 1.93 = सुमारे 90 मीटर
```

म्हणजे खांबाच्या तीस मीटर पुढे, आपल्या बाजूला. पण अर्ध्या सेकंदापूर्वी त्याचे पाय खांबावर होते आणि तो लांब चाललाय. शिवाय ९० मीटरवर तो फोकसच्या पट्ट्याबाहेर, धूसर दिसायला हवा होता. घार इथेच बाद झाली. मग शेपटीकडे बघायचं: घारीची शेपटी खाचेची, समुद्रगरुडाची आखूड आणि पाचरीसारखी. फोटोत पाचरीसारखी आहे. माप आणि पिसारा एकच सांगतायत, तेव्हा नाव लिहायला हरकत नाही. दोघांत भांडण असतं तर मी पिसाऱ्याच्या बाजूने गेलो असतो आणि मोजणीत कुठे माशी शिंकली ते शोधलं असतं.

उलट, हाच पक्षी खांबावर न बसता नुसता शेजारून गेला असता, तर "तीस मीटर पुढे असू शकतो का?" याचं उत्तर "हो, सहज" असंच आलं असतं. मग कितीही बारकाईने पिक्सेल मोजले तरी घार आणि गरुड वेगळे करता आले नसते. अशा फोटोवर हिशेब सुरूच करू नका.

## ८. खांब नाही, पण कावळा मागे लागलाय

मोठा शिकारी पक्षी दिसला की कावळे त्याच्या मागे लागतात. कावळा पाठीवर टोच मारायला आला त्या क्षणाची फ्रेम असेल तर दोघांच्या अंतरात मीटरभराचाच फरक असतो. साठ मीटरवरून ते दोन टक्क्यांच्या आत बसतं. पाठलाग करताना मात्र कावळा पंधरा मीटर मागे असला तरी फोटोत चिकटलेला दिसतो, म्हणून टोच मारतानाचीच किंवा एकमेकांना झाकतानाचीच फ्रेम घ्यायची.

कावळ्याचा पंखविस्तार आधाराला घेऊ नका, तो क्वचितच पूर्ण उघडा असतो. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, कावळा बाजूने सरळ दिसत असताना. गावकावळा साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर भरतो. डोमकावळा त्याहून मोठा असतो, म्हणून मानेचा राखाडी पट्टा बघून आधी गावकावळाच आहे ना ते ठरवा. पुस्तकातली लांबी पक्षी ताणून मोजलेली असते. उडता कावळा मान थोडी आखडून असतो, त्यामुळे तो फोटोत आखूड भरतो आणि शेजारचा पक्षी जरा मोठा निघतो. एकूण चूक दहा टक्क्यांपर्यंत धरा. घार की समुद्रगरुड एवढं ठरवायला ते पुरतं.

नोंद लिहिताना नुसतं "पंखविस्तार १.९५ मीटर" लिहू नका. "१.९ ते २ मीटर. आधार धक्क्याचा खांब, १.४२ मीटर, टेपने मोजलेला, पक्षी त्याच खांबावरून उडालेला, सहावी फ्रेम, पाठमोरा, दोन तुकड्यांत मोजणी" असं लिहा आणि मूळ फाइल्स जपून ठेवा, मधल्या कंटाळवाण्या फ्रेमसकट.